पाचशे पदांनंतरचं शिंग

आमच्या प्रयोगशाळेत एक करड्या रंगाची पेटी आहे. तिच्यावर पाच मोठी बटणं. पहिलं फिरवलं की साधी लाट मिळते, दुसऱ्याने तिच्या तिप्पट वेगाची, तिसऱ्याने पाचपट, मग सातपट आणि नऊपट. पाची लाटा ठरलेल्या प्रमाणात एकत्र केल्या की स्कोपच्या, म्हणजे विजेच्या लाटा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर चौकोनी लाट उभी राहू लागते. म्हणजे एकदम वर, मग सपाट, एकदम खाली, परत सपाट. गोल गोल लाटांच्या बेरजेतून कोपरे असलेली आकृती तयार होते, हे पहिल्यांदा पाहणारी पोरं गप्प होतात. ती शांतता मला फार आवडायची. पालघर आणि बोईसरच्या मधल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात एकोणीस वर्षं मी हा प्रयोग घेतला, आणि दर वर्षी त्या शांततेसाठी मी पाचवं बटण मुद्दाम सावकाश फिरवत असे.

मग ती आली.

ती माझीच विद्यार्थिनी. किनाऱ्यावरच्या दांडी गावची, कोळ्यांच्या घरातली. पहिल्या वर्षाला असताना ती बोलायची तेव्हा बाकीची मुलं हसायची, म्हणून ती बोलायचीच नाही. तिला स्कोप लावायला मी शिकवलं, प्रोब, म्हणजे तारेचं टोक, कुठे धरायचा, पडद्यावरची लाट स्थिर कशी करायची. पुढे शिकायला ती मुंबईत गेली आणि सहा वर्षांनी आमच्याच विभागात शिक्षिका म्हणून परत आली. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये तिने वाकून नमस्कार केला, आणि मला खरोखर भरून आलं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना मी पहिल्यापासून वाईट होतो असं वाटायला नको.

जूनमध्ये विभागप्रमुखांनी तासांची वाटणी केली. सिग्नलचा विषय, जो मी शिकवत आलो होतो, तो तिला दिला. माझ्याकडे फक्त प्रात्यक्षिकं ठेवली. "तिचं शिक्षण ताजं आहे, आणि तुमचा हात प्रयोगावर बसलेला आहे," असं ते म्हणाले. बोलण्यात काहीच गैर नव्हतं. मी मान डोलावली. संध्याकाळी सालवडला घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना शंभर उत्तरं दिली होती.

त्यानंतर मी मोजायला लागलो. तास संपल्यावर तिच्या टेबलाशी किती मुलं उभी राहतात आणि माझ्याशी किती. तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज किती वेळा येतो. एकदा ती पुढे आणि मी मागे असा जिना उतरत होतो. दोन मुलं तिला म्हणाली, "मॅडम, आज पहिल्यांदा कळलं." पहिल्यांदा! आधीच्या सत्रात त्यांना त्याच गोष्टीची ओळख मी करून दिली होती.

बायको बोईसरला शाळेत शिकवते. जेवताना मी काहीतरी कुरकुर केली. तिने भात वाढता वाढता विचारलं, "तिचं चांगलं चाललंय म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय, एवढंच ना?"

"तसं नाही," मी म्हणालो.

"मग कसं?"

मी आमटी मागितली.

ऑगस्टमध्ये त्या पेटीचा प्रयोग आला. त्या तुकडीत जव्हारकडच्या एका पाड्यावरची मुलगी होती. आईबाप डोंगरावर नाचणी-वरी करायचे, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. ही मुलगी हुशार म्हणून प्रसिद्ध नव्हती, पण पाहायची नीट. मी पाचवं बटण फिरवलं. मुलं गप्प झाली. आणि त्या शांततेत ती म्हणाली, "सर, ते कोपऱ्यावर शिंग हाय."

होतंच. लाट एकदम वर चढते तिथे ती सपाट होण्याआधी थोडी जास्तच वर जाते, एक टोक काढते, मग खाली येऊन डुलत डुलत सपाट होते. उतारावरही तसंच, खालच्या बाजूला. मी एकोणीस वर्षांचं उत्तर दिलं, "आपल्याकडे पाचच पदं, म्हणजे पाचच लाटा, आहेत म्हणून. बघा, आकडे उतरताहेत." चौकोनी लाटेची उंची एक धरली तर पहिल्या एकट्या लाटेचं टोक १.२७ वर जातं. दुसरी मिळवली की १.२०. तिसरी मिळवली की १.१९. जर्नलच्या तक्त्यात मी या तीनच ओळी ठेवल्या होत्या. "असंच मिळवत गेलं की शिंग उतरत उतरत शून्य होतं."

ती म्हणाली, "पण मॅडम म्हणाल्या शिंग जात नाय. कितीबी पदं घेतली तरी."

बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. ती मुलगी मला खोटं पाडायला बोलली नव्हती. तिला खरंच कळायचं होतं. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या पेटीसमोर, मॅडम म्हणाल्या.

"मॅडम तुम्हाला फळ्यावर सांगतात," मी म्हणालो. "मी डोळ्यांना दाखवतो. पुढच्या आठवड्यात दाखवेन."

पेटीत पाचच पदं, म्हणून मी संगणकावर छोटा प्रोग्राम लिहिला. पदं किती घ्यायची ते सांगायचं, तो बेरीज करून आकृती काढणार. एका पूर्ण लाटेत दोनशे ठिकाणी किंमत काढायची आणि ते बिंदू रेघेने जोडायचे, असं मी ठरवलं. पाच पदं दिली तर पेटीवर दिसायचं तसंच शिंग. पन्नास दिली तर शिंग बारीक होऊन लाटेच्या उभ्या कड्याला चिकटलं, पण होतं. मग मी पाचशे दिली.

शिंग नव्हतं.

सपाट माथा, सरळ कडा, कोपऱ्याशी किंचित गोलाई, बस्स. मी खुर्चीवरून उठलो आणि बंद दारामागे एकटाच हसलो. मला आनंद झाला तो शिंग गेल्याचा नव्हता. माझी जुनी विद्यार्थिनी चुकली, याचा होता. इतका निखळ आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशाचाच झाला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी तुकडीला पडद्यासमोर बसवलं आणि तिलाही बोलावलं. "मॅडम, जरा या, तुमच्या विषयातलंच आहे." ती आली, मागे भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाच दाखवली. पन्नास दाखवली. थोडा थांबलो. पाचशे दाखवली. मुलांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी टाळी वाजवली. मी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती, कपाळाला बारीक आठी घालून.

"सर," ती म्हणाली, "बिंदू किती घेतलेत?"

"पुरेसे घेतलेत," मी म्हणालो.

मुलं हसली. तिला पुढे काहीतरी बोलायचं होतं, ते मला दिसलं. पण तिने ओठ मिटले, "बरं सर," म्हणाली आणि निघून गेली. डोंगराकडची ती मुलगी हसली नव्हती. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

दोन दिवस मी ताठ मानेने हिंडलो. स्टाफरूममध्ये माझ्याशी ती नेहमीसारखंच बोलली, फक्त थोडं कमी. त्याचाही मी अर्थ लावला की हरली, म्हणून गप्प आहे.

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं होतं. मी जर्नलचा तक्ता वाढवायला बसलो. आता तीन ओळी कशाला, चांगला लांब तक्ता करू, शिंग कसं हळूहळू उतरतं ते छापूनच टाकू, म्हणजे पुढच्या प्रत्येक तुकडीला कळेल. दर पन्नास पदांनी माथ्याची सगळ्यात मोठी किंमत काढायची, एवढंच काम.

पन्नासला आली १.१७९. शंभरला ०.९९७, म्हणजे शिंग गेलंच. मी खूश झालो. दीडशेला आली १.०६६.

मी आकडा परत पाहिला. शंभरला गेलेलं शिंग दीडशेला परत आलं होतं. टंकनाची चूक असेल म्हणून परत चालवलं. तेच. दोनशेला पुन्हा गायब, ०.९९८. अडीचशेला पुन्हा हजर, १.०४०.

एखादी गोष्ट पदं वाढवल्याने जात असेल, तर आणखी वाढवल्यावर ती परत कशी येईल?  आणि मग तिचा प्रश्न आठवला. बिंदू किती घेतलेत.

मी दोनशेच्या जागी चार हजार लिहिले आणि पदं पाचशेच ठेवली. आकृती आली. कड्याला अगदी चिकटून, केसासारखं बारीक, शिंग उभं होतं. मोठं करून पाहिलं. उंची १.१७९. पन्नासला होती तीच.

ते कधी गेलंच नव्हतं. ते इतकं बारीक झालं होतं की माझ्या दोन बिंदूंच्या मधून निसटत होतं. पन्नास पदांना पहिला बिंदू योगायोगाने बरोबर टोकावर पडत होता. शंभरला तो टोकापुढच्या खळग्यात पडला, दीडशेला त्याच्याही पुढच्या छोट्या उंचवट्यावर. मी शिंग मोजत नव्हतोच. माझं विरळ जाळं कुठे पडतंय ते मोजत होतो. आणि त्या जाळ्याच्या जोरावर मी चाळीस मुलांसमोर तिला गप्प केलं होतं.

आता लिहायला सोपं वाटतं, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे कोणाला कळायची गरज काय? तक्ता तीन ओळींचाच राहील. ती स्वतःहून बोलणार नाही, बोलायचं असतं तर त्याच दिवशी बोलली असती. मी संगणक बंद केला, कुलूप घेतलं. दारापर्यंत गेलो. तिथे उभ्या उभ्या मला त्या मुलीची वही आठवली, लिहून खोडलेली. तिने मॅडमचं बरोबर उत्तर खोडून माझं चुकीचं लिहिलं असणार.

रविवारी सकाळी मी स्कूटर काढून दांडीला, मॅडमच्या गावी गेलो. घर शोधावं लागलं नाही, पहिल्याच बाईने हात दाखवला. अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगलेले होते, खाली जाळ्यावर सुकट पसरली होती. तिची आई कावळे हाकलत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर ती उठलीच.

"तुमी ते सर? बसा, बसा. पोरगी लई सांगते तुमचं. पयल्या वर्साला सगली हसायची, तुमीच तेवढं नीट बोलायचे म्हनून. चाय ठेवते."

मी खाली पाहिलं. त्या बाईच्या तोंडून हे ऐकायची माझी लायकी नव्हती.

ती आतून आली, ओले हात ओढणीला पुसत. मला पाहून गोंधळली. मी प्रस्तावना केली नाही. "चार हजार बिंदू घेतले," मी म्हणालो. "आहे शिंग. पाचशेलाही आहे."

तिने हात पुन्हा एकदा ओढणीला पुसले. मग म्हणाली, "हो सर."

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"कडा जास्तच साफ होत्या. इतक्या साफ येत नाहीत."

"मग बोलली का नाहीस? माझा मान राखलास?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा चढला. "मला तुमचा राग आला होता. मुलं हसली, तुम्ही त्यांना थांबवलं नाही. पहिल्या वर्षी थांबवायचात. म्हटलं, आता काढू दे यांनाच शोधून."

आईने चहा आणून ठेवला आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून सुकट उलटायला गेली. मी माफी मागितली. ती कशी मागितली ते आठवत नाही, पण शब्द कमी पडले हे आठवतं. ती म्हणाली, "राहू दे सर." मग तिने उठून वलांडीवरचे दोन बोंबील सरळ केले.

शेवटी मीच विचारलं. एकोणीस वर्षं शिकवलेल्या विषयावर आपल्या विद्यार्थिनीला विचारायला काय लागतं, ते मला त्या अंगणात कळलं. "पण का जात नाही ते? पुस्तकात तर म्हटलंय, अनंत पदं घेतली की प्रत्येक बिंदूवर लाट बरोबर येते."

"तेही खरं आहे," ती म्हणाली. तिने आतून जुन्या उत्तरपत्रिकेचा पाठकोरा कागद आणला. "कड्यापासून थोडं लांब एक जागा धरा आणि तिथेच उभे राहा. पदं वाढवा. शिंग तुम्हाला ओलांडून कड्याकडे सरकतं आणि तुमच्या जागी लाट एकावर बसते. कुठलीही जागा धरा, कधी ना कधी बसतेच. पण एका जागी उभं न राहता शिंगाच्या टोकाबरोबर चालत गेलात तर?"

"तर?"

"टोक कुठे असतं? अर्ध्या लाटेच्या लांबीला पदांच्या दुपटीने भागा. तिथे. पाच पदं असली तर दहावा भाग, पाचशे असली तर हजारावा. आता त्या जागेवर प्रत्येक पदाची किंमत मांडा." तिने एक उंचवटा काढला, डावीकडे उंच, उजवीकडे उतरत शून्याला टेकणारा, आणि त्याच्याखाली उभ्या पट्ट्या पाडल्या. "पहिलं पद ही पहिली पट्टी. दुसरं ही दुसरी. सगळी पदं मिळवली की या उंचवट्याखालचं क्षेत्रफळ होतं. पाच पदं म्हणजे पाच जाड पट्ट्या. पाचशे म्हणजे पाचशे बारीक. पण उंचवटा तोच, सर. पट्ट्या बारीक केल्या म्हणून जमीन कमी होते का?"

मी कागद हातात घेतला. तिने बाजूला ठरलेल्या गुणकाने गुणून आकडा लिहिला होता. १.१७९.

"आणि तो एकच का येत नाही?"

तिने वक्र उजवीकडे वाढवला. उंचवट्यानंतर शून्याखाली एक उथळ खड्डा, मग त्याहून छोटा उंचवटा, मग आणखी छोटा खड्डा, असं दूरवर. "हे सगळं मिळवलं तर बरोबर एक. पण टोकावर आपण पहिल्या उंचवट्याशीच थांबतो. खड्डा अजून वजा व्हायचाय. म्हणून जास्त. खालच्या उणे एकपासून वरच्या एकपर्यंत जी उडी, तिच्या जवळजवळ नऊ टक्के. कायमचे."

मी माझे जुने आकडे लिहिले, आणि कधी न लिहिलेले पुढचे दोनही. १.२७३, १.२००, १.१८८, १.१८४, १.१८२. मी उतार पाहिला होता, तो मंदावतोय हे पाहिलं नव्हतं. तिसऱ्या ओळीशी थांबलो होतो, कारण तिथपर्यंत ते माझ्या म्हणण्यासारखं दिसत होतं.

किती साधं होतं सगळं. पट्ट्या आणि उंचवटा. मला ते कळलं याचा आनंद झाला, आणि त्याच क्षणी तोच जुना हेवाही जागा झाला. इतकं सोपं करून सांगणं मला का सुचलं नाही? चहा संपवून निघताना तिच्या आईने कागदात सुके बोंबील बांधून दिले. ते घेतानाही मी मनात हेच घोकत होतो.

सोमवारी मी त्याच तुकडीला बोलावलं, तिलाही. या वेळी तिला पुढे बसायला सांगितलं. मी तोच तक्ता दाखवला, शंभरला गेलेलं आणि दीडशेला परत आलेलं शिंग, मग चार हजार बिंदूंची आकृती. "मागच्या आठवड्यात मी तुम्हाला चुकीचं दाखवलं," मी म्हणालो. "मॅडमचं बरोबर होतं. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही." वर्गात मागून कोणीतरी घसा खाकरला. बाकी काही नाही. मला वाटलं होतं तसं आभाळ कोसळलं नाही, आणि माझ्या मोठेपणाचं कौतुकही कोणी केलं नाही. कौतुकाची मात्र मी गुपचूप आशा केली होती.

डोंगराकडची मुलगी म्हणाली, "मंग सर, ते घालवायचंच असलं तर?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मग मॅडमकडे हात केला. तिने उठून फळ्यावर सांगितलं. पदं एकदम तोडली म्हणून शिंग येतं. वरची पदं तोडण्याऐवजी हळूहळू फिकी करत नेली, शेवटची जवळजवळ शून्य केली, तर शिंग बसतं. पण फुकट नाही. कडा तेवढा उभा राहत नाही, तिरका होतो. मुलं पेटीकडे धावली, वरच्या लाटांची बटणं कमी करून बघायला. तिच्याभोवती घोळका झाला. मी बाजूला उभा राहून प्रोब धरला, कारण कोणीतरी धरायलाच हवा होता.

जर्नल बदललं. आता तक्त्यात पाच ओळी आहेत आणि खाली संगणकाचा भाग, त्यात बिंदूंची संख्या लिहिणं सक्तीचं. ते पान आम्ही दोघांनी बसून केलं. तिने माझं वाक्य दोनदा सुधारलं, मी तिचं एकदा. ते एकदा मला अजून आठवतं, यावरून काय ते समजा.

नोव्हेंबरमध्ये तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, चष्मा नाकावर उतरलेला. जव्हारकडच्या त्या मुलीसमोर त्यांनी पाचवं बटण फिरवलं, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पदं वाढवली तर हे जाईल?"

"नाय सर," ती म्हणाली. "बारीक होईल, कड्याला सरकेल, पण उंची जायची नाय." आणि तिने कागद मागून घेतला, उंचवटा काढला, पट्ट्या पाडल्या. परीक्षक खुर्चीत पुढे सरकले. इतक्या वर्षांत या प्रश्नाला मला कोणी असं उत्तर दिलं नाही, असं म्हणाले. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "कोणी शिकवलं?"

मी पेटीशेजारीच उभा होतो.

"मॅडमनी," ती म्हणाली.

बोचलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बोचलं. परीक्षकांनी गुण लिहिले, कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हणालो, "हो, त्या शेजारच्या वर्गात आहेत, बोलावू का?" आणि सही करून तिला बोलवायला गेलो.